दोन आरसी, तीन लूप: उत्तरात 3RCs येतो कुठून?

तिसरंवर्ष_डिप्लोमा

नमस्कार मंडळी. कंट्रोल सिस्टिमच्या एका उदाहरणावर दोन रात्री घालवल्या, आता इथे मांडतो.

सर्किट अगदी साधं आहे. एक रेझिस्टर, मग जमिनीला कॅपॅसिटर, त्याच्यापुढे पुन्हा रेझिस्टर आणि पुन्हा कॅपॅसिटर. दोन्ही रेझिस्टर R, दोन्ही कॅपॅसिटर C. याचा ब्लॉक डायग्राम दिलेला आहे, तो आक्रसत नेऊन एकच ट्रान्सफर फंक्शन काढायचं आहे. चित्र टाइप करून देतो:

```
Vi →(Σ1)→[1/R]→ I1 →(Σ2)→[1/Cs]→ V1 →(Σ3)→[1/R]→ I2 →[1/Cs]→ Vo

Σ1 ← −V1
Σ2 ← −I2
Σ3 ← −Vo
```

लूप एकमेकांत अडकलेले आहेत, त्यामुळे आतून बाहेर सोडवत यायला जागाच नाही. म्हणून मी I2 चा टेक-ऑफ पॉइंट शेवटच्या ब्लॉकच्या पलीकडे, म्हणजे Vo वर नेला आणि त्या फीडबॅकच्या वाटेत 1/Cs टाकला. मग Σ2 ला पहिल्या 1/R च्या अलीकडे आणलं आणि वाटेत R घातला. दोन लूप मिटले, शेवटी हे आलं:

```
Vo/Vi = Cs / ( Cs(RCs+1)^2 + R )
```

पुस्तकाच्या मागे उत्तर आहे:

```
Vo/Vi = 1 / ( R²C²s² + 3RCs + 1 )
```

माझं चुकलंय हे दिसतंय, पण कुठे ते सापडत नाही. शिवाय मला वाटत होतं की फार तर 2RCs येईल, कारण टप्पे दोनच आहेत. तीन कुठून?

---

रोहिणी_क

तुझी चूक एकाच ठिकाणी आहे, पण आधी दुसरं सांगते. मागचं पान न उघडताही हे उत्तर चूक आहे हे तुला ओळखता आलं असतं. ती सवय लागली तर परीक्षेत फार उपयोगी पडेल.

तुझ्या उत्तरात s = 0 टाक. वर शून्य, खाली R, म्हणजे आउटपुट शून्य. आता सर्किटकडे बघ. इनपुटला ५ व्होल्टची बॅटरी लावून बराच वेळ थांबलास की दोन्ही कॅपॅसिटर भरतात, करंट थांबतो, रेझिस्टरवर काहीच पडत नाही आणि आउटपुटला पूर्ण ५ व्होल्ट येतात. म्हणजे s = 0 ला उत्तर १ यायलाच हवं.

दुसरं, तुझ्या छेदात s चा तिसरा घात आहे. ऊर्जा साठवणारे घटक दोनच असताना तिसरा घात येणार कुठून? आणि तिसरं म्हणजे एककं. RCs ला एकक नाही, ते १ मध्ये मिळवता येतं. तुझ्या छेदात Cs मध्ये R मिळवलाय. Cs म्हणजे ओहमचा उलटा, R म्हणजे ओहम. या दोघांची बेरीज होत नाही.

तिन्ही तपासण्या एकाच चुकीकडे बोट दाखवतात: कुठेतरी ब्लॉक उलटा पडलाय. तुझी पहिलीच उडी बघ. Σ2 ला आधी I2 मिळत होता. टेक-ऑफ Vo वर नेलास तरी Σ2 ला I2 च मिळायला हवा, त्याला खबरही लागता कामा नये की मागे वायर हलली. आता Vo आहे I2 गुणिले 1/Cs. त्यातून I2 परत मिळवायला कशाने गुणशील?

---

तिसरंवर्ष_डिप्लोमा

Cs ने! ब्लॉकच्या पुढे गेलो की त्या ब्लॉकचा उलटा घालायचा. मी तोच ब्लॉक घातला. म्हणजे Vo ला अजून एकदा 1/Cs ने गुणलं, आणि Σ2 ला I2 ऐवजी भलतंच काहीतरी पोचत होतं.

---

गेट_पुन्हा

यासाठी एक सोपा नियम पाठ कर. पुढे न्यायचं तर भागायचं, मागे आणायचं तर गुणायचं. बस्स.

---

रोहिणी_क

@गेट_पुन्हा, हा नियम टेक-ऑफ पॉइंटला बरोबर आहे, समिंग पॉइंटला उलटा होतो. याच उदाहरणात बघा. Σ2 ला 1/R च्या मागे आणलं की वाटेत R येतो, म्हणजे 1/R ने भागलं जातं. कारण पूर्वी I2 ची वजाबाकी 1/R च्या नंतर व्हायची. आता जे वजा होईल ते 1/R मधून जाणार, तेव्हा आधीच R ने मोठं करून पाठवायला हवं, म्हणजे पलीकडे नेमका I2 वजा होईल. धागालेखकाने ही दुसरी उडी बरोबर मारली आहे.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी नियम पाठ करायला लावत नाही. एकच प्रश्न विचारायला सांगते: हलवण्याआधी त्या टोकाला कोणता सिग्नल पोचत होता, आणि आता कोणता पोचतोय? दोन्ही सारखे असले की काम झालं.

आता उरलेलं. पहिली उडी सुधारली की मागे जाणाऱ्या वाटेत Cs आणि R दोन्ही येतात, म्हणजे RCs. Σ1 आणि सरकवलेला Σ2 आता शेजारी शेजारी आहेत, मधे ना ब्लॉक ना टेक-ऑफ, त्यामुळे त्यांची अदलाबदल चालते. तशी केली की V1 चा लूप आत येतो आणि तो 1/(RCs+1) होतो. Vo चा लूपही तसाच 1/(RCs+1). हे दोन ओळीने लागले, त्यांच्याभोवती RCs चा एक मोठा फीडबॅक उरला:

```
G = 1/(RCs+1)^2        H = RCs

Vo/Vi = G/(1+GH) = 1 / ( (RCs+1)^2 + RCs )
```

कंस उघड. दोन RCs वर्गातून येतात आणि तिसरा H मधून. तुझा तिसरा RCs म्हणजे तो मधला लूप.

---

पॅनलवाला_नाशिक

हे सगळं करायची गरजच काय? एक आरसी म्हणजे 1/(RCs+1). दोन आरसी एकापुढे एक म्हणजे गुणाकार. 1/(RCs+1)^2. आमच्या पॅनलमध्ये ॲनालॉग इनपुटला असेच दोन टप्पे लावतो आणि कटऑफ असाच काढतो. कुठेही अडलेलं नाही.

---

रोहिणी_क

दोन टप्प्यांच्या मधे ऑप-अँपचा बफर असेल तर तुमचं शंभर टक्के बरोबर. बफर नसेल तर नाही, आणि फरक थोडाथोडका नाही.

चित्रात Σ2 काय करतो ते बघा. पहिल्या रेझिस्टरमधून I1 येतो. त्यातला I2 पुढचा टप्पा ओढून घेतो, उरलेला I1 − I2 पहिल्या कॅपॅसिटरला मिळतो. पुढचा टप्पा मागच्याच्या ताटातलं खातो, म्हणून पहिला कॅपॅसिटर एकटा असता तर जितक्या वेगाने भरला असता तितक्या वेगाने भरत नाही. 'लोडिंग' म्हणतात ते हेच, आणि ब्लॉक डायग्राममध्ये ते मधला लूप होऊन दिसतं. 1/(RCs+1)^2 लिहिणं म्हणजे तो लूप कात्रीने कापणं.

किंमती वेगवेगळ्या धरून लिहिलं तर स्पष्ट होतं:

```
1 / ( R1C1R2C2 s² + (R1C1 + R2C2 + R1C2)s + 1 )
```

R1C2 हे लोडिंगचं पद. R1 पहिल्या टप्प्याचा आणि C2 दुसऱ्याचा, म्हणजे दोन टप्प्यांची एकमेकांत गुंतलेली जोडी. तुमच्या पॅनलमध्ये दुसरा रेझिस्टर पहिल्याच्या दहापट आणि कॅपॅसिटर दहावा हिस्सा असेल, तर R1C1 आणि R2C2 सारखेच राहतात पण R1C2 त्यांच्या दहाव्या भागाएवढा होतो. तीनऐवजी २.१ येतो. कदाचित म्हणूनच अडलं नसेल.

---

पॅनलवाला_नाशिक

दुसरा रेझिस्टर मोठा असतो हे खरं आहे. तसंच लावायचं असं आमच्या जुन्या साहेबांनी सांगितलं होतं, कारण विचारलं नव्हतं. उद्या ड्रॉइंग काढून किंमती बघतो.

---

सुसाट_मोटर

फीडबॅक लूपचा विषय निघालाच आहे तर आमचा अनुभव सांगतो. एका कारखान्यात डीसी मोटरच्या वेगाच्या लूपचं काम होतं. टॅकोजनरेटर बदलला, मोटर सुरू केली आणि ती वेग घेतच सुटली. इमर्जन्सी दाबेपर्यंत ड्राइव्हची मर्यादा गाठली होती. टॅकोच्या दोन वायरी उलट लागल्या होत्या. तर तिसरंवर्ष, तुझ्या लूपमध्येही वायर उलट असेल, चिन्ह तपास.

---

रोहिणी_क

त्याची चिन्हं बरोबर होती. पण तुमचा अनुभव कामाचा आहे, कारण चिन्हाची चूक कागदावर किती लहान दिसते ते त्यातून कळतं. समजा मोटर 10/(s+2) आणि टॅको 0.3 आहे.

```
वायर बरोबर:  10/(s+2+3) = 10/(s+5)
वायर उलट:    10/(s+2−3) = 10/(s−1)
```

पहिल्यात पोल −५ ला आहे, नुसत्या मोटरपेक्षा जलद आणि शांत. दुसऱ्यात पोल उजव्या बाजूला +१ वर गेला, म्हणजे ज्याला आपण वेग घेतच सुटणं म्हणतो ते.

आरसीच्या उदाहरणातही हे लक्षात ठेव, तिसरंवर्ष. नुसत्या रेझिस्टर-कॅपॅसिटरचं सर्किट स्वतःहून कधी उधळत नाही. छेदात एखादं पद वजा आलं तर ते चिन्ह चुकलंच आहे, पुढे सोडवत बसू नकोस.

---

गेट_पुन्हा

मी तर म्हणतो ब्लॉक सरकवूच नका. मेसनचा फॉर्म्युला लावा, दोन मिनिटांत उत्तर. लूप तीन, तिघांची बेरीज, पुढची वाट एक, झालं:

```
Δ = 1 + 1/RCs + 1/RCs + 1/RCs
P = 1/R²C²s²
Vo/Vi = P/Δ = 1 / ( R²C²s² + 3RCs )
```

अरे, शेवटचा १ कुठे गेला?

---

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

s = 0 टाकून बघा, तुमचं आउटपुट अनंत येतंय. ५ व्होल्टच्या बॅटरीतून अनंत व्होल्ट मिळणार नाहीत, म्हणजे पद राहिलंय. रोहिणीताईंची पहिली तपासणी इथेही लागू पडली.

मेसनमध्ये एकमेकांना न शिवणाऱ्या लूपांचा गुणाकारही मिळवायचा असतो. पहिला लूप Σ1 पासून V1 पर्यंत आहे, तिसरा Σ3 पासून Vo पर्यंत. त्यांच्यात एकही बिंदू सामाईक नाही, म्हणून 1/R²C²s² हे पद Δ मध्ये येतं, आणि वर-खाली गुणल्यावर तोच तुमचा हरवलेला १. मधला लूप मात्र दोघांनाही शिवतो. पहिल्याशी त्याचा पहिला 1/Cs सामाईक आहे, तिसऱ्याशी दुसरा 1/R. त्यामुळे त्याची जोडी कुणाशीच होत नाही.

मी चाळीस वर्षं हे काम केलं. मेसनची पद्धत मला आवडते, पण तिच्यात कुठला लूप कुणाला शिवतो हे नजरेने ठरवावं लागतं आणि चूक तिथेच होते. ब्लॉक सरकवण्यात पायऱ्या जास्त आहेत, पण प्रत्येक पायरी सुटी तपासता येते.

---

विद्या_पुणे

मला तर दोन्ही नकोत. नोडची समीकरणं लिहा, V1 काढून टाका, संपलं. तीन ओळी. ब्लॉक डायग्राम विद्यार्थ्यांना सरकवासरकवीत अडकवतो आणि मूळ सर्किट विसरायला लावतो. Σ2 मागे आणल्यावर त्या 1/R मधून काय बाहेर पडतं ते कुणी विचारतं का? I1 नाही, I1 − I2. म्हणजे I1 चित्रातून नाहीसाच झाला. पुढच्या प्रश्नात इनपुट करंट विचारला की मुलं तिथलाच सिग्नल I1 समजून लिहितात.

---

रोहिणी_क

I1 चा मुद्दा अगदी बरोबर आहे, मीही अशा उत्तरपत्रिका पाहिल्या आहेत. आक्रसलेल्या चित्रात फक्त दोन टोकं खरी राहतात, मधल्या सिग्नलांवर विश्वास ठेवायचा नाही. I1 हवा असेल तर मूळ चित्राकडे परत जायचं.

पण समीकरणांतून 3RCs आला की तो नुसता आकडा असतो. तिसरा कुठून आला हा तिसरंवर्षचा मूळ प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर चित्रात बोट ठेवून दाखवता येतं. इथे आपलं मत वेगळं आहे, असू दे.

---

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

तिसरंवर्ष, ब्रेडबोर्ड आहे का? हे स्टॉपवॉचवर बघता येतं. १० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड घे, RC बरोबर १ सेकंद. मग छेद s² + 3s + 1. पोल −०.३८ आणि −२.६२ ला येतात. मधे बफर असता तर दोन्ही पोल −१ वर, एकमेकांवर बसलेले.

५ व्होल्ट दे आणि आउटपुट ३.१६ व्होल्टला, म्हणजे ६३ टक्क्यांना, किती वेळात पोचतं ते मोज. बफर नसताना ३.०३ सेकंद यायला हवेत, बफर असताना २.१५. मल्टिमीटरचा इनपुट साधारण १० मेगाओहम असतो, २० किलोओहमपुढे त्याचं ओझं जाणवणार नाही. बफरला एलएम३५८ चालेल, त्याला ९ व्होल्ट दे. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी दोन्ही कॅपॅसिटर १ किलोओहमने रिकामे कर, नाहीतर आकडे फसवतील.

इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर वीस टक्के इकडेतिकडे असतो, म्हणून आधी एकेकटा आरसी मोजून घे.

---

तिसरंवर्ष_डिप्लोमा

काका, करून बघितलं. मित्राने मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ काढला, त्यातून वेळ मोजली.

एकेकटा आरसी दोन्ही वेळा १.१ सेकंद. म्हणजे कॅपॅसिटर लिहिल्यापेक्षा मोठे आहेत. मग दोन्ही जोडून, बफरशिवाय, तीन वेळा: ३.३, ३.४, ३.३. तुमचा ३.०३ गुणिले १.१ केला तर ३.३३ येतो!

मग बफर लावला: २.५, २.४, २.५. इथे २.३७ यायला हवा होता, थोडा जास्त येतोय. पण बफर काढला की ३.३ आणि लावला की २.५ हे दर वेळी होतंय. कॅपॅसिटर तेच, रेझिस्टर तेच. मधला लूप ब्रेडबोर्डवर तोडला आणि जोडला असं वाटलं.

बफरचा आकडा जास्त का येतो?

---

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे ०.१ सेकंदाचा फरक त्यात सहज जातो. पण मग बफरशिवायच्या मोजणीतही तो दिसायला हवा होता. कॅपॅसिटरची गळतीही असू शकते. इथून नक्की सांगता येणार नाही. ऑसिलोस्कोप मिळाला तर पुन्हा बघ.

---

पॅनलवाला_नाशिक

ड्रॉइंग बघितलं. पहिला रेझिस्टर १० किलोओहम, दुसरा १००. पहिला कॅपॅसिटर १ मायक्रोफॅरड, दुसरा ०.१. ताईंनी म्हटलं तसंच, दहापट आणि दहावा हिस्सा. जुन्या साहेबांना हे माहीत असणार. पण दुसऱ्या एका मशीनच्या कार्डावर दोन्ही १० किलोओहमचे निघाले, कॅपॅसिटरही सारखे. तिथे रीडिंग उशिरा येतं अशी ऑपरेटरची तक्रार आहे.

---

रोहिणी_क

त्या कार्डावर तुमच्या 1/(RCs+1)^2 च्या हिशोबाने जो वेळ धरला असेल, प्रत्यक्षात त्याच्या १.४ पट लागणार. तक्रार त्यामुळेच आहे असं लगेच म्हणत नाही, आरसी किती मिलिसेकंदाचा आहे त्यावर अवलंबून. किंमती टाका, बघू.

---

तिसरंवर्ष_डिप्लोमा

मग मीही ते १०:१ करून बघतो. पहिला टप्पा तोच, दुसऱ्याला १०० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड. छेद s² + 2.1s + 1. हिशोब केला तर ६३ टक्क्यांना २.२ सेकंद येतात, बफरच्या २.१५ च्या अगदी जवळ.

---

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

कर. फक्त या वेळी मीटरचं ओझं धरावं लागेल. वाटेत आता ११० किलोओहम आहेत आणि समोर मीटरचे १० मेगाओहम, म्हणून आउटपुट ५ वर न जाता ४.९५ च्या आसपास थांबेल. ६३ टक्के त्याचे काढ, म्हणजे ३.१३ ला स्टॉपवॉच थांबव. आणि १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आधी एकटा मोजायला विसरू नकोस.